निकालापर्यंत धरायचं की आदल्या दिवशी सुटायचं? (अनुभव धागा)

कोपऱ्यातलं_टेबल (धागाकर्ता):
तिमाही निकालांचा हंगाम आला की एकच प्रश्न दर आठवड्याला फिरून येतो. शेअर हातात आहे, चार्ट बरा दिसतोय, गुरुवारी निकाल आहे. धरू की विकू? म्हणून हा धागा. विषय फक्त कॅशमध्ये डिलिव्हरीने घेतलेले आणि काही आठवडे ते काही महिने धरायचे शेअर. दहा वर्षांसाठी घेणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही आणि इंट्राडेवाल्यांना पडायचं कारण नाही.

तीन गोष्टी लिहा: निकालाआधी चार्टमध्ये काय बघता, नंतर काय बघता आणि आधीच सुटायचं असेल तर नेमकं कधी सुटता. "अमुक घ्या, तमुक विका" नको. ‘मी किती कमावले’ हेही नको. पद्धत लिहा, आकडे लिहा.

जुनी_खुर्ची:
सुरुवात चार्टपासून न करता वहीपासून करा. शेअरचे मागचे आठ निकाल काढायचे. प्रत्येक वेळी निकालाआधीचा बंद भाव आणि निकालानंतरच्या पहिल्या सत्राचा बंद भाव, यांतला फरक टक्क्यांत लिहायचा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक शेअर घेऊ. आठ फरक असे: −९, +४, +२, −६, +११, −३, +५, −७. चिन्ह सोडून सरासरी काढली तर ५.९ येते. बहुतेक जण इथेच थांबतात आणि "सहा टक्के इकडेतिकडे" असं धरून चालतात. माझ्या मते सरासरीचा इथे काही उपयोग नाही, सगळ्यात वाईट आकडा धरायचा. तो ९.

आता आपली स्थिती. भांडवल ५ लाख. एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे ५,००० गमवायची तयारी. खरेदी ८२० ला, स्टॉपलॉस ७८० ला, म्हणजे शेअरमागे ४० रुपये जोखीम, म्हणून १२५ शेअर. आज भाव ९०५. इथून ९ टक्के पडला तर ८२४. म्हणजे वाईटातला वाईट निकाल येऊनही खरेदीच्या किमतीला आपण सुटतो. असं असेल तर धरायला हरकत नाही.

तोच शेअर ९०५ ऐवजी ८५० वर असता तर? ९ टक्के खाली ७७३. स्टॉप ७८० चा, पण गॅपने उघडला तर ७८० ला कुणी घेणारच नाही. नुकसान ४७ गुणिले १२५, साधारण ५,९००. ठरवलेल्या ५,००० च्या वर. मग निदान निम्मे आदल्या दिवशी विकायचे. निकालाच्या आठवडाभर आधी नवी खरेदी करू नये असं मी म्हणतो ते याचसाठी, नफ्याची गादी तयारच झालेली नसते.

लाल_कँडल:
जुनी_खुर्ची यांच्याशी अर्धा सहमत. ‘गादी’ हा मनाचा खेळ आहे. तुम्ही ८२० ला घेतलाय हे बाजाराला कुठे माहीत आहे? ९०५ चा शेअर ९ टक्के पडला तर ८१ रुपये जातात, १२५ शेअरवर १०,१८० रुपये. म्हणजे ५ लाखांचे २ टक्के एका रात्रीत. ते पैसे काल तुमच्या खात्यात होते. खरेदी ८२० ला असो की ९०० ला, जाणारी रक्कम तीच.

म्हणून मी खरेदीची किंमत बघतच नाही. आजचा भाव गुणिले नग, गुणिले सगळ्यात वाईट टक्का, आणि तो आकडा एकूण भांडवलाच्या दीड टक्क्याच्या वर जात असेल तर तेवढे नग कमी. वरच्या उदाहरणात ७,५०० भागिले ८१.४५, म्हणजे ९२ शेअर ठेवायचे, ३३ विकायचे. खरेदी भाव गणितात येतच नाही.

जुनी_खुर्ची:
गणित बरोबर आहे, अडचण माणसाची आहे. नफ्यातून १०,००० गेले तर माणूस शांतपणे पुढचा निर्णय घेतो. मुद्दलातून गेले तर "परत वर येईल" म्हणत बसतो आणि ९ चे २० टक्के होतात. पण तुमची रीत जास्त कडक आहे हे मान्य.

तेजीबाज_चिंचवड:
एवढी आकडेमोड कशाला? चार्टला सगळं आधी कळतं. निकालाच्या चार-पाच दिवस आधी व्हॉल्यूम वाढला आणि भाव वर जात असेल तर आतल्या लोकांना माहीत आहे, निकाल चांगला. व्हॉल्यूम वाढून भाव पडत असेल तर वाईट. मी यावरच चालतो.

पासबुक:
तेजीबाज, यात तथ्य थोडं आहे, पण तुम्ही त्याला फार ताणताय. कंपनीच्या आतल्या माणसांसाठी तिमाही संपल्या दिवसापासून निकाल जाहीर झाल्यानंतरच्या ४८ तासांपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते. चोरून कुणी करत नसेल असं म्हणत नाही, पण तुम्हाला दिसणारा व्हॉल्यूम बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाचा असतो. महिन्याच्या शेवटी एफ अँड ओ ची एक्स्पायरी आणि रोलओव्हर, निर्देशांकातले बदल, एखादी मोठी ब्लॉक डील, किंवा त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीचा निकाल. आयटीत टीसीएस बहुधा सगळ्यांच्या आधी येते, तिच्यानंतर दोन दिवस अख्ख्या आयटीचा व्हॉल्यूम वाढतो. त्याचा तुमच्या कंपनीच्या निकालाशी काय संबंध?

म्हणून नुसता भाव बघू नका, तुलना बघा. मागच्या १५ सत्रांत शेअर ७ टक्के वर आणि त्याच्या क्षेत्राचा निर्देशांक ६ टक्के वर असेल तर शेअरने स्वतःहून काहीच केलेलं नाही. शेअर १४ वर आणि निर्देशांक २ वर असेल तर तो १२ टक्क्यांचा फरक महत्त्वाचा. फक्त त्याचा अर्थ तुम्ही लावता त्याच्या उलट निघू शकतो. चांगल्या निकालाची अपेक्षा भावात आधीच बसलेली आहे. आता नुसता चांगला निकाल पुरणार नाही, अपेक्षेपेक्षा चांगला लागेल. असा शेअर निकालाच्या दिवशी चांगले आकडे देऊनही पडतो आणि मग लोक विचारतात, नफा वाढला तरी का पडला.

मी निकालाआधी हलकं होतो ते याच ठिकाणी. याउलट पंधरा-वीस दिवस एका अरुंद पट्ट्यात बसलेला, कँडल लहान होत गेलेल्या, व्हॉल्यूम आटलेला आणि निर्देशांकाच्या मागे न पडलेला शेअर धरायला मला कमी भीती वाटते. तोही पडू शकतो. पण त्यात आशेवर आलेली घाईची गर्दी कमी असते.

तेजीबाज_चिंचवड:
तुलनेचा मुद्दा घेतला. पण डिलिव्हरी टक्केवारी वाढलेली असेल तर? ती खोटी कशी असेल?

पासबुक:
खोटी नसते, पण डिलिव्हरीत एक घेणारा असतो तसा एक देणाराही असतो. ७० टक्के डिलिव्हरी म्हणजे कुणीतरी मोठा माल उचलला आणि कुणीतरी तेवढाच सोडला. यातला शहाणा कोण, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

ठेवी_आणि_कर्जं:
"नफा वाढला तरी का पडला" याचं एचडीएफसी बँकेइतकं स्वच्छ उदाहरण मोठ्या शेअरमध्ये मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१६ जानेवारी २०२४, मंगळवार, बाजार बंद झाल्यावर डिसेंबर तिमाहीचा निकाल आला. त्या दिवशीचा बंद भाव १,६७९ च्या आसपास. मथळ्यातला आकडा असा: निव्वळ नफा १६,३७२ कोटी, वर्षभरात ३३ टक्क्यांहून जास्त वाढ. टीव्हीवर तेवढंच वाचणाऱ्याला सकाळी शेअर वर उघडेल असं वाटलं तर त्याचा दोष नाही. प्रत्यक्षात १७ तारखेला शेअर खूप खाली उघडला, दिवसभर सावरला नाही आणि १,५३७ च्या आसपास बंद झाला. आठ टक्क्यांहून मोठी पडझड, मार्च २०२० नंतरची त्या शेअरमधली सगळ्यात मोठी एका दिवसातली.

कारण मथळ्यात नव्हतंच. एक, मागच्या वर्षीचा आकडा विलीनीकरणाआधीचा होता. एचडीएफसी लिमिटेड १ जुलै २०२३ ला बँकेत आली, म्हणून वर्षाशी वर्षाची तुलना म्हणजे एका घराची दोन घरांशी तुलना. दोन, नफ्यात करातली एकरकमी सवलत होती. तीन, आणि हे मुख्य: ठेवी तिमाहीत दोन टक्क्यांच्या आतच वाढल्या, कर्जं पाच टक्क्यांच्या जवळ. व्याजाचं मार्जिन ३.४ टक्क्यांवर अडकलेलं, आणि लिक्विडिटी कव्हरेज ११० टक्क्यांपर्यंत उतरलेलं. म्हणजे पुढची वाढ करायची तर महाग ठेवी गोळा करा किंवा कर्जं हळू वाटा. बाजाराने पुढच्या चार तिमाह्या डोळ्यांसमोर आणल्या आणि त्या हिशेबाने भाव लावला.

गंमत म्हणजे ठेवी आणि कर्जांचे ढोबळ आकडे बँकेने जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात जाहीर केले होते. तेव्हा शेअरला फारसं काही झालं नाही. ते आकडे आणि मार्जिन-लिक्विडिटीचे आकडे शेजारी ठेवल्यावर चित्र पूर्ण झालं.

आता चार्टचा भाग. १७ तारखेची कँडल लांब लाल, बंद भाव दिवसाच्या तळाच्या जवळ, व्हॉल्यूम नेहमीच्या कित्येक पट. अशी कँडल आल्यावर ‘इतका पडला, आता स्वस्त’ म्हणून घेणाऱ्यांचं काय झालं? दुसऱ्या दिवशी आणखी तीन टक्क्यांच्या आसपास घसरण. फेब्रुवारीच्या मध्यात १,३६३ चा तळ. निकालानंतरच्या दिवशी १,५३७ ला विकणाऱ्याला वाटलं असेल की आपण तळाला विकलं. महिन्याभरात त्याहून ११ टक्के खाली मिळत होता. निकालाने दिशा बदलली की ती एका दिवसात संपत नाही. मोठे फंड लाखो शेअर एका सत्रात विकूच शकत नाहीत, ते आठवडे घेतात.

न्यूजर्सीकर:
दुसरी बाजू इन्फोसिसची, कारण तिथे बंद भावाची जागा वेगळी होती.

१३ एप्रिल २०२३, गुरुवार. बाजार बंद झाल्यावर निकाल. तिमाहीत स्थिर चलनात उत्पन्न ३.२ टक्के घटलं आणि पुढच्या वर्षासाठी वाढीचा अंदाज फक्त ४ ते ७ टक्के. दुसऱ्या दिवशी १४ एप्रिल, डॉ. आंबेडकर जयंती, आपला बाजार बंद. मग शनिवार-रविवार. इकडे न्यूयॉर्कला मात्र इन्फोसिसचा एडीआर चालू होता आणि तो निकालाच्याच दिवशी जोरात आपटला. म्हणजे मुंबईतल्या भागधारकाला तीन दिवस आधी दिसत होतं की सोमवारी काय होणार, आणि हातात काही नव्हतं. १७ एप्रिलला सकाळी शेअर १२ टक्क्यांपर्यंत खाली जाऊन १,२१९ च्या आसपास पोचला, तिथून थोडा सावरून नऊ टक्क्यांच्या आसपास घसरणीने बंद झाला.

इथे सकाळच्या पहिल्या तासात घाबरून विकणाऱ्याला दिवसातला जवळजवळ सगळ्यात वाईट भाव मिळाला. एचडीएफसी बँकेत उलटं झालं, तिथे सकाळी विकणारा सुटला. फरक आधी ओळखता येतो का? मला तरी नाही. पहिली पंधरा मिनिटं विकू नये असं मी मानतो. त्या पंधरा मिनिटांचा तळ पुढे दिवसात मोडला तर विकायचं, नाही मोडला तर दिवसाच्या शेवटापर्यंत थांबायचं. इन्फोसिससारख्या दिवशी हा नियम वाचवतो, एचडीएफसी बँकेसारख्या दिवशी थोडं महागात पडतो.

एक साधी गोष्ट विसरू नका: निकालाची तारीख कळली की लगेच सुट्ट्यांची यादी बघा. निकाल आणि पुढचं सत्र यांत तीन-चार दिवस असतील तर धोका तोच राहतो, पण परदेशात काय घडेल याची भर पडते. मी असे निकाल धरत नाही, गादी असो वा नसो.

माझं_काय:
चांगली चर्चा. माझ्याकडे एका कंपनीचे २०० शेअर आहेत, ११ महिने झाले घेऊन. निकालाबरोबर लाभांश जाहीर होणार असं ऐकलंय. निकालाआधी विकला तर लाभांश बुडेल ना? मग धरणंच बरं नाही का?

पासबुक:
लाभांश निकालाच्या दिवशी शेअर असण्यावर ठरत नाही, रेकॉर्ड डेटला शेअर असण्यावर ठरतो. ती तारीख बहुतेक वेळा निकालानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी येते. आणि लाभांश सहसा भावाच्या एक-दोन टक्के, निकालाचा फरक पाच-नऊ टक्के. एकासाठी दुसरं ठरवू नका.

पण तुमच्या प्रश्नात तुम्ही न विचारलेली खरी गोष्ट आहे, ११ महिने. आज विकला तर नफ्यावर २० टक्के अल्पकालीन कर. बारा महिने ओलांडले की दीर्घकालीन, १२.५ टक्के, आणि तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. तुमचा नफा ६०,००० असेल तर आज १२,००० कर, महिन्याभराने विकला तर शून्य, त्या वर्षात दुसरा दीर्घकालीन नफा नसेल तर. म्हणून महिनाभर धरल्याने १२,००० वाचतात आणि निकाल वाईट आला तर किती जातील, या दोन रकमा शेजारी लिहा. शेअर दोन लाखांचे असतील तर ६ टक्के पडझड म्हणजे १२,०००. निर्णय तिथे आहे, लाभांशात नाही.

माझं_काय:
हे डोक्यातच नव्हतं. दोन लाख दहा हजारांचे आहेत. बघतो.

सांगलीचा_संगणक:
"मी जीटीटी लावून ठेवलाय, मला काळजी नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी. जुनी_खुर्ची यांचंच ९०५ चं उदाहरण घेऊ. तुम्ही ट्रिगर ८७० आणि लिमिट ८६६ ठेवलीत. रात्री वाईट निकाल आला, सकाळी शेअर ८४२ ला उघडला. ट्रिगर लागतो, कारण भाव ८७० च्या खाली आहे. मग एक्स्चेंजला विक्रीची ऑर्डर जाते, ८६६ च्या लिमिटची. पण बाजार ८४२ ला आहे, ८६६ कोण देणार? ऑर्डर दिवसभर पडून राहते आणि संध्याकाळी रद्द. तुमच्या मोबाइलवर "ट्रिगर झाला" असा मेसेज मात्र येतो, आणि माणूस विकलं असं समजून कामाला लागतो.

उपाय म्हणजे निकालाच्या आठवड्यात लिमिट मुद्दाम खूप खाली ठेवायची, समजा ८२०. विक्रीच्या लिमिटचा अर्थ ‘निदान इतके’ असा असतो, म्हणून सौदा ८४२ च्या आसपासच होईल, ८२० ला नाही. पण फार खालीही नको. एफ अँड ओ मधल्या शेअरना आदल्या बंद भावापासून १० टक्क्यांचा बँड असतो, जो पुढे सरकतो. ९०५ चे १० टक्के खाली ८१४.५०. त्याच्याही खालची लिमिट सकाळी नाकारली जाऊ शकते.

आणि हे सगळं करूनही तुम्हाला ८४२ च मिळतात, ८७० नाही. स्टॉपलॉस गॅपपासून वाचवत नाही. नग कमी असणंच वाचवतं.

छोट्या शेअरची गोष्ट याहून वाईट. ज्याला ५ टक्क्यांचं सर्किट आहे तो वाईट निकालानंतर सकाळीच खालच्या सर्किटला लॉक होतो, खरेदीदार शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा ५, तिसऱ्या दिवशी पुन्हा. कागदावर ५ टक्क्यांचं संरक्षण दिसतं, प्रत्यक्षात ते दाराला लावलेलं कुलूप असतं. तीन सर्किटं म्हणजे १४ टक्क्यांहून जास्त, आणि मध्ये एकही शेअर विकता येत नाही. ५ टक्क्यांच्या बँडमधला शेअर निकालापर्यंत मी पूर्ण धरत नाही, एवढाच माझा नियम.

ऑप्शनवाली:
शेअर एफ अँड ओ मध्ये असेल तर मागच्या आठ निकालांच्या जोडीला बाजाराचा आत्ताचा अंदाजही मिळतो. समजा शेअर १,००० वर आहे आणि एक्स्पायरीला तीन आठवडे आहेत. १,००० चा कॉल आणि १,००० चा पुट दोन्ही मिळून ६२ रुपयांना. म्हणजे बाजार ६.२ टक्के हालचाल धरतोय.

तेजीबाज_चिंचवड:
पण त्यात तीन आठवड्यांची नेहमीची हालचालही आली. निकाल नसताना तेवढ्याच दिवसांचा जोड ४५ ला मिळत असेल तर निकालाचे फक्त १७ रुपये, म्हणजे १.७ टक्के! मग घाबरायचं काय?

ऑप्शनवाली:
वजाबाकीची कल्पना बरोबर, रीत चूक. हालचाली सरळ बेरजेने जोडल्या जात नाहीत, वर्गांनी जोडल्या जातात, कारण एक वर आणि एक खाली असंही होतं. ६२ चा वर्ग ३,८४४, ४५ चा वर्ग २,०२५. फरक १,८१९, त्याचं वर्गमूळ ४२.६. म्हणजे निकालाच्या एका दिवसाची अपेक्षा सव्वाचार टक्के, तुमच्या पावणेदोनच्या अडीचपट.

आणि हा अंदाज सरासरी आहे, कुंपण नाही. वहीतला सगळ्यात वाईट आकडा ९ असेल आणि ऑप्शन सव्वाचार म्हणत असतील तरी नग ठरवताना मी ९ च धरते. ऑप्शन जर मागच्या वेळेपेक्षा खूप जास्त हालचाल दाखवत असतील तर मात्र सावध होते. कुणीतरी काहीतरी मोठं येणार म्हणून पैसे मोजतंय.

विम्यासाठी पुट घेण्याबद्दल विचारणारे येतीलच, म्हणून थोडक्यात: निकालाआधी पुट महाग असतो आणि निकाल लागला की त्याच्यातली हवा त्याच सकाळी जाते. शेअर तीन टक्के पडला तरी पुट फारसा वाढत नाही. शिवाय तुमच्याकडे १२५ शेअर आणि लॉट ५५० चा असेल तर तो विमा राहत नाही, तो नवा सौदा होतो. एक्स्पायरीपर्यंत राहिला आणि पैशात असला तर शेअर प्रत्यक्ष द्यावे लागतात. शंभर-दीडशे शेअरवाल्याने निम्मे विकणंच स्वस्त.

लाल_कँडल:
विकून परत घेण्याचा खर्चही लिहा कुणीतरी. डिलिव्हरीत एसटीटी विक्रीवर ०.१ आणि खरेदीवर ०.१ टक्के, स्टॅम्प ड्यूटी ०.०१५, वर डीपी शुल्क आणि किरकोळ. एक लाखावर साधारण अडीचशे रुपये, ब्रोकरेज शून्य असेल तर. सहा-नऊ टक्क्यांच्या धोक्यापुढे हे काहीच नाही. खरा खर्च अल्पकालीन कराचा, आणि निकालानंतर वर उघडला तर महागात परत घ्यायला मन तयार न होण्याचा. तो दुसरा खर्च कुठल्याच कॉन्ट्रॅक्ट नोटवर येत नाही.

पासबुक:
‘नेमकं कधी सुटायचं’ यावर कुणी लिहिलं नाही अजून. बैठकीची तारीख कंपनी एक्स्चेंजला आधी कळवते, एनएसई आणि बीएसई दोन्हींच्या साइटवर दिसते. पण वेळ दिलेली नसते. काही कंपन्या दुपारी दीडला, बाजार चालू असताना निकाल टाकतात, काही रात्री. म्हणून त्या कंपनीच्या मागच्या चार निकालांच्या घोषणांची वेळ बघा, एक्स्चेंजवर मिनिटासकट असते. चारही संध्याकाळच्या असतील तर निकालाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत विकता येतं, तरी खात्री नाही. एकही बाजाराच्या वेळेतली असेल तर आदल्या दिवशीच विका. शनिवारी बैठक असेल तर शुक्रवारी.

दुसरं, खरी तारीख बहुतेक वेळा निकालाची नसतेच. वाहन कंपन्यांची विक्री दर महिन्याच्या १ तारखेला येते. बऱ्याच बँका आणि डीमार्टसारखे किरकोळ विक्रीवाले तिमाही संपल्यावर पहिल्या काही दिवसांतच उत्पन्नाचे किंवा ठेवी-कर्जांचे आकडे देतात. धोका टाळायचा म्हणून १५ तारखेला विकायचं ठरवलं आणि अर्धा धक्का ३ तारखेलाच बसून गेला, असं होतं.

तारीख ऐनवेळी पुढे ढकलली तर मी विकतो. कारण साधं असू शकतं, पण न कळता धरण्यासारखं त्यात काही नाही.

कोपऱ्यातलं_टेबल:
आणि चांगला निकाल येऊन वर उघडला तर? सगळे पडण्याचंच बोलताहेत.

जुनी_खुर्ची:
वर उघडल्यावर मी एकच रेष आखतो, निकालानंतरच्या पहिल्या सत्राचा तळ. बंद भाव त्या दिवसाच्या वरच्या तिसऱ्या भागात आहे आणि पुढच्या तीन सत्रांत तो तळ मोडला नाही, तर धरतो, आधी विकलेले निम्मेही परत घेतो आणि स्टॉप त्या तळाखाली आणतो. सकाळी ७ टक्के वर उघडून संध्याकाळी १ टक्क्यावर आला तर मात्र आकडे कितीही चांगले असोत, उरलेल्यातले निम्मे तिथेच काढतो. वरच्या भावाला विकायला कुणीतरी थांबलेलं होतं हे त्या दिवसाने दाखवलेलं असतं.

न्यूजर्सीकर:
तीन सत्रांपेक्षा मी कॉन्फरन्स कॉल होऊन जाईपर्यंत थांबतो. निकाल दुपारी आणि कॉल दुसऱ्या दिवशी सकाळी असेल तर पहिल्या दिवसाची कँडल अर्ध्या माहितीवर बनलेली असते. मार्जिन कशामुळे वाढलं, ते टिकणार का, हे कॉलमध्ये कळतं आणि शेअर तिथे फिरतो.

लाल_कँडल:
मग तुमचा तळ कुठल्या दिवसाचा धरायचा, निकालाच्या की कॉलच्या?

जुनी_खुर्ची:
दोन्हींतला खालचा. न्यूजर्सीकर कॉलच्या दिवसाचाच धरतील बहुधा.

न्यूजर्सीकर:
हो. आणि त्यामुळे माझा स्टॉप कधीकधी जवळ येतो आणि फुकट उडतो. तुमचा लांब राहतो आणि उडाला की जास्त घेऊन जातो. यावर अजून ठाम झालेलो नाही.